रात्रीची गाडी बंद केलेल्या ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण : अँटी-ग्लेअर चष्म्याने नक्की काय बदललं

मी डोळ्यांचे नंबर काढते, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, आणि हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण "अँटी-ग्लेअर" या शब्दाने लोकांची फार फसगत होते आणि फसगत झालेला माणूस जर रात्री लोडेड गाडी चालवत असेल तर ती नुसती पैशांची फसगत राहत नाही. ओळख पटू नये म्हणून त्यांचं नाव, गाव काही लिहीत नाही, नुसतं दादा म्हणते, तसंही मी त्यांना दादाच म्हणायचे.

दादा ४७ वर्षांचे, २० च्या वर वर्षं ट्रकवर. माझ्याकडे आले तेच एक मागणी घेऊन, "मॅडम, तो रात्रीचा चष्मा द्या, अँटी-ग्लेअर, एकदम भारीतला." नंबर तपासायचा का म्हटलं तर म्हणाले नंबर नाहीच मला, लांबचं पण दिसतं आणि जवळचं पण, माझ्या बरोबरीचे सगळे पेपर वाचताना चष्मा शोधतात, मी अजून बिलाचे आकडे तसेच वाचतो.

इथेच माझे कान टवकारले. ४७ व्या वर्षी चष्म्याशिवाय बारीक अक्षर आरामात वाचणारा माणूस बहुतेक वेळा "चांगल्या डोळ्यांचा" नसतो, त्याला थोडासा मायनस नंबर असतो. चाळिशीनंतर जवळच्या कामासाठी सगळ्यांनाच प्लसची मदत लागायला लागते, पण ज्याचा डोळा मुळात थोडा मायनस आहे त्याला ती मदत फुकट मिळते, आणि ती कुठून मिळते तर लांबचं थोडं अंधुक होऊन. दिवसा हे कळतच नाही कारण उजेडात बाहुली आकसते, दोन-तीन मिलिमीटर होते, आणि लहान भोकातून बघितल्यावर थोडाफार नंबर झाकला जातो. रात्री तीच बाहुली दुप्पट मोठी होते आणि लपलेलं सगळं बाहेर येतं.

आता त्यांचं आधीचं रुटीन सांगते. दोन वर्षांपासून दादांनी रात्रीची गाडी पूर्ण बंद केली होती. सूर्य उगवला की स्टार्ट, मावळायच्या आत हॉल्ट, मग ट्रिप दोन दिवसांची असो की चार. थंडीत दिवस लहान झाला की अजून वांधा, जे अंतर दीड दिवसात व्हायचं त्याला अडीच दिवस लागायचे, मालक बोलत नसला तरी चांगल्या ट्रिपा दुसऱ्याला जायला लागल्या होत्या. विचारलं का बंद केली, तर आधी म्हणाले समोरचे लोक अप्पर मारून येतात, आता तर सगळे पांढऱ्या एलईडीवाले, डोळेच जातात. खरं कारण नंतर निघालं, तेही थांबत थांबत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्यावरून तो पिवळ्या काचेचा नाईट ड्रायव्हिंगवाला चष्मा घेतला होता. घातल्या घातल्या छान वाटलं होतं, समोरचा पांढरा झगमगाट मऊ झाला, सगळं कसं उजळ वाटलं, त्यामुळे ते निर्धास्त झाले. आठवडाभरातच एका रात्री समोरून गाडी आली, ती पास झाली, आणि त्यानंतर अचानक दिसलं की कडेला काळ्या कपड्यातला माणूस सायकल हातात धरून चाललाय. त्यांनी स्टिअरिंग ओढलं, क्लीनर ओरडला, माणसाला काही झालं नाही. दादा सांगत होते की त्या माणसाला बहुतेक कळलंपण नसेल की काय झालं ते, पण मला पुढे अर्धा तास गाडी चालवता आली नाही, बाजूला लावून बसलो. त्या ट्रिपपासून रात्र बंद.

पिवळ्या काचेचं साधं गणित असं की ती निळा उजेड खाते. म्हणजे डोळ्यात पोचणारा एकूण उजेडच कमी होतो, समोरच्या हेडलाईटचाही आणि त्या काळ्या कपड्यातल्या माणसावरून परत येणाऱ्या मुळातच तुटपुंज्या उजेडाचाही. हेडलाईट थोडा कमी झाला तरी तो भरपूरच असतो, पण त्या माणसाकडून येणारा उजेड दिसण्या-न दिसण्याच्या काठावर असतो, तिथून थोडा जरी गेला तरी माणूस गायब. २०१९ मध्ये जामा ऑप्थॅल्मॉलॉजीमध्ये एक अभ्यास आला होता, ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर लोकांना बसवून, समोर हेडलाईटची चमक ठेवून रस्त्यावरचा पादचारी किती लवकर दिसतो ते बघितलं होतं, आणि पिवळ्या चष्म्याने काही फायदा झाला नाही. पण माणसाला "बरं वाटतं" हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे, बरं वाटतं म्हणून स्पीड कमी होत नाही.

दादांना मी सरळ सांगितलं की नंबर काढल्याशिवाय चष्मा देणार नाही. त्यांना आवडलं नाही, पण बसले.

बिनचष्म्याचं लांबचं उजव्या डोळ्याने ६/१२, डाव्याने ६/९ आणि तेपण अडखळत. बारीक भोकाची पट्टी डोळ्यासमोर धरली की दोन्ही डोळे ६/६, म्हणजे पूर्ण स्वच्छ. हे बघितलं की मला अर्धा निरोप मिळतो, की दोष बहुतेक नंबरचा आहे, कारण भोकातून बघून सुधारतं ते बहुतेक वेळा नंबरनेही सुधारतं. नंबर निघाला तो असा : उजवा मायनस ०.५० आणि सोबत सिलेंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, मायनस ०.७५, ॲक्सिस ९०. डावा मायनस ०.५०, सिलेंडर मायनस ०.५०, ॲक्सिस ८५. कुणाला दाखवला तर म्हणेल एवढ्याशा नंबराला काय चष्मा लावायचा. आणि ऑफिसमध्ये बसणाऱ्याला मीही कदाचित म्हटलं असतं की तुमची मर्जी.

पण सिलेंडर नंबर रात्री काय करतो ते मी त्यांना दाखवलं. खोली पूर्ण अंधारी केली, दहा मिनिटं नुसतं बसवलं, मग समोरच्या भिंतीपाशी दोन छोटे टॉर्च शेजारी शेजारी लावले, हेडलाईटसारखे. विचारलं काय दिसतं. म्हणाले दोन कुठे, एक आडवी पट्टी दिसते, लांब, तिच्या कडेला शेपट्या. त्यांच्या नंबरात आडव्या दिशेचा दोष जास्त आहे, त्यामुळे प्रत्येक ठिपका आडवा पसरतो आणि दोन दिवे एकमेकांत मिसळतात. आता रस्त्यावर याचा अर्थ काय होतो बघा, समोरून येणाऱ्या गाडीची रुंदी कळत नाही, त्यामुळे अंतर कळत नाही, एक दिवा बंद असलेली कार आहे की मोटरसायकल ते कळत नाही, आणि ती पसरलेली पट्टी नेमकी रस्त्याच्या कडेवर सांडते जिथे सायकलवाला चाललेला असतो. मग ट्रायल फ्रेममध्ये त्यांचा नंबर टाकला. दादा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे दोन आहेत." मी भिंग काढलं, परत घातलं, परत काढलं, तसं तीन-चार वेळा त्यांनीच करायला लावलं.

तेवढ्यात त्यांनी स्वतःच एक गोष्ट पकडली, की मॅडम, नंबर टाकल्यावर दिवे दोन झाले पण प्रत्येकाच्या बाजूला एक फिकट छोटा दिवा पण दिसतोय. हा अँटी-ग्लेअरचा खरा विषय. माझी ट्रायलची भिंगं साधी, बिनकोटिंगची होती. साध्या प्लास्टिक भिंगाच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, दोन बाजू मिळून ८ च्या आसपास. त्यातला थोडा उजेड भिंगाच्या आतल्या आत दोनदा आपटून डोळ्यात येतो, तो अगदीच थोडा असतो पण काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर हेडलाईटसारखा प्रखर दिवा असेल तर तेवढंही पुरतं, आणि एक भूत-दिवा तयार होतो. शिवाय केबिनमधला दिवा, बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड भिंगाच्या मागच्या बाजूवर पडून डोळ्यात येतो तो वेगळाच. अँटी-ग्लेअर कोटिंग, ज्याला खरं तर अँटी-रिफ्लेक्शन म्हणायला हवं, हे परत फिरणं जवळजवळ संपवतं, ८ टक्क्यांवरून एकाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली. कोटिंग केलेलं नमुना भिंग त्याच टॉर्चसमोर धरलं, भूत-दिवा गेला.

आणि इथे मी त्यांना जे समजावलं ते प्रत्येक ड्रायव्हरला सांगावंसं वाटतं. समोरचा अप्पर मारून आला तर तो उजेड हे कोटिंग कमी करत नाही. उलट परत फिरणारा उजेडही आत सोडतं, म्हणजे डोळ्यात थोडा जास्तच उजेड जातो. ते फक्त चष्म्याने स्वतःहून तयार केलेली चमक काढतं. नंबर नसलेल्या माणसाने शून्य नंबरचा अँटी-ग्लेअर घातला तर जी चमक मुळात नव्हती ती काढण्यासाठी पैसे दिले असं होतं. दादांच्या बाबतीत काम करणार होता तो नंबर, आणि कोटिंग एवढ्यासाठी की नंबरासाठी डोळ्यासमोर आणलेल्या काचेने नवीन त्रास देऊ नये.

चष्मा लगेच बनवला नाही. या वयात रात्री दिवे फुटून दिसायला लागले तर मोतीबिंदूची सुरुवात, शुगर, काचबिंदू हे बघावंच लागतं, आणि नंबरने ६/६ दिसलं म्हणजे हे सगळं नाही असं होत नाही. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, बाहुली मोठी करून पडदा तपासला, डोळ्याचं प्रेशर घेतलं, शुगर तपासली. सगळं ठीक निघालं, डोळ्यातल्या भिंगात वयाचा थोडा पिवळेपणा, बाकी काही नाही. त्या थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, उजेड सहन होत नाही, त्यामुळे त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि सोबत कुणीतरी आणायचं हे आधीच सांगितलं होतं, वहिनी आल्या होत्या.

मग चष्मा. बिनरंगाची काच, फक्त लांबचा नंबर, कोटिंग दोन्ही बाजूंनी, आणि फ्रेमची दांडी बारीक, कारण जाड दांडी आरशाच्या बाजूला नजर अडवते. रात्रीसाठी मायनस अजून ०.२५ वाढवून बघितला, काहींना अंधारात तेवढा फरक पडतो, दादांना पडला नाही म्हणून वाढवला नाही. मोबाईल बघताना चष्मा वर करा हेही सांगितलं, कारण फुकटची मिळणारी प्लसची मदत चष्मा लावला की जाते आणि मग लोक म्हणतात चष्म्याने नजर बिघडली. डॅशबोर्डचे आकडे मात्र चष्म्यातून नीट वाचता येत होते, ते मी अंतर मोजून तपासून घेतलं.

पहिला आठवडा फक्त दिवसा घालायचा असं ठरलं. सिलेंडर नंबर नवीन असला की जमीन थोडी तिरकी, गाडीची कड थोडी वाकडी वाटते, चार-पाच दिवसांत मेंदू जुळवून घेतो, ते रात्रीच्या रस्त्यावर जुळवायला नको. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळ, ओळखीचा रस्ता, गाडी रिकामी, शेजारी क्लीनर. तिसऱ्या आठवड्यात फोन आला आणि आवाजात निराशा. "मॅडम, दिवे दोन दिसतात, पण सगळीकडे धुकं आहे."

मला आधी वाटलं मोतीबिंदूचं काहीतरी सुटलं का. पण विचारलं की गाडी थांबवून उतरून बघितलं तर धुकं दिसतं का. दिसत नाही म्हणाले. मग धुकं डोळ्यात नाही आणि चष्म्यातही नाही, पुढच्या काचेत आहे. समोरची काच बाहेरून रोज पुसतात, आतून कुणी पुसत नाही. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून जो बारीक तेलकट थर आतून बसवतं तो दिवसा दिसत नाही, रात्री समोरचा लाईट त्याच्यावर पडला की अख्खी काच पांढरी होते. आधीच्या पसरलेल्या पट्टीत हे झाकलं गेलं होतं, पट्टी गेली आणि धुकं दिसायला लागलं. क्लीनरने साबणाच्या पाण्याने आतून दोनदा पुसली, कोरड्या फडक्याने चकाकवली, दुसऱ्या दिवशी परत फोन, आता बरं आहे. वायपरने पाडलेले कमानीसारखे ओरखडे मात्र राहिलेच, त्यांच्यावर दिवा अजून तारांसारखा फुटतो, वायपरचं रबर बदलून नवीन ओरखडे थांबवले एवढंच.

मग स्पीडचा विषय, जो दादांनीच काढला. आता दिसतंय तर पूर्वीसारखं चालवू का. मी त्यांच्यासोबत कागदावर हिशोब मांडला. डिप्परवर रस्ता धड दिसतो तो साधारण ५० ते ६० मीटर, काळे कपडे असतील तर त्याच्याही आत. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेलेच, पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला अजून ३५ तरी, म्हणजे ६०. शिल्लक काहीच नाही. ५० ला तेच गणित ४५ च्या आसपास येतं. म्हणजे समोरून गाड्या येत असताना, डिप्परवर असताना, ५० च्या आत, आणि माल जड असेल किंवा रस्ता ओला असेल तर अजून कमी. दादांनी तो कागद घडी करून लायसनच्या पाकिटात ठेवला. समोरचा अप्पर सोडतच नसेल तर दिव्याकडे न बघता आपल्या बाजूच्या कडेच्या पट्टीवर नजर ठेवायची आणि पाय ॲक्सिलेटरवरून काढायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, फक्त आता ती पट्टी दिसत होती.

तीन महिन्यांनी आताचं रुटीन असं बसलं : पहाटे पाचला स्टार्ट, दुपारी मोठा हॉल्ट आणि झोप, मग संध्याकाळ धरून रात्री दहापर्यंत. त्यापुढे नाही. रात्री दोन ते पाच शरीर झोप मागतं ते डोळ्यांमुळे नाही, आणि कुठलाही चष्मा तिथे काही करत नाही, हे मी बोलायच्या आधी तेच बोलले.

चौथ्या महिन्यात मात्र अडचण झाली. समोर आले ते चष्मा हातात घेऊनच, "परत पसरायला लागलं, नंबर वाढला का?" नंबर तपासला, तोच होता. भिंग दिव्यासमोर तिरकं धरलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांनी भरलेलं. विचारलं चष्मा कुठे ठेवता. दुपारी झोपताना डॅशबोर्डवर. बंद केबिनमध्ये उन्हात डॅशबोर्ड प्रचंड तापतो, भिंगाचं प्लास्टिक फुगतं, वरचं कोटिंग तेवढं फुगत नाही, आणि ते तडकतं. अशा भिंगातून रात्री दिसणारी चमक साध्या बिनकोटिंगच्या भिंगापेक्षाही वाईट असते, प्रत्येक रेष उजेड फोडते. यावर इलाज नाही, भिंगं बदलावीच लागतात. चूक माझीही होती, फडक्याने कसं पुसायचं, धूळ असताना कोरडं घासायचं नाही, आधी पाण्याने धुवायचं, हे सगळं सांगितलं होतं आणि ऊन सांगायचं राहिलं होतं. ट्रकवाल्याला तेच आधी सांगायला हवं होतं. आता सीटच्या मागे सावलीत कडक डबी टांगलेली असते, चष्मा नाकावर नाहीतर डबीत.

परवा वर्षाची तपासणी झाली, नंबरात बदल नाही, भिंगं स्वच्छ. सोबत तोच क्लीनर पोरगा होता, त्या रात्री ओरडलेला, आता तोही लायसनच्या तयारीत आहे. म्हणाला मला पण दादांसारखाच चष्मा द्या. त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं, दहा मिनिटं, मग दोन टॉर्च. "किती दिसतात?" "दोनच की. स्वच्छ." दोन्ही डोळे ६/६, नंबर शून्य. मी त्याला चष्मा दिला नाही. त्याचं तोंड पडलं, तसं दादाच त्याला म्हणाले, तुला काच पुसायला दिलीय ना, ती आतून पुसत जा.